चित्रातले आकडे आणि ट्रान्सफॉर्मरचे दोन तोटे

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या पेपरात ट्रान्सफॉर्मरवरचा एक प्रश्न ठरलेला असतो. डिप्लोमाची परीक्षा असो, पदवीची असो, ‘गेट’ असो किंवा वीज कंपनीतल्या भरतीची, हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. त्याची भाषा फार थोडी असते. ‘आकृतीत दाखवलेल्या ट्रान्सफॉर्मरची पूर्ण भाराला, ०.८ लॅगिंग पॉवर फॅक्टरवर कार्यक्षमता काढा.’ एवढंच. बाकीचं सगळं आकृतीत असतं. तिथे दोन वाइंडिंग काढलेल्या असतात, त्यांना जोडलेले मीटर असतात, प्रत्येक मीटरशेजारी एक आकडा असतो आणि कोपऱ्यात केव्हीए आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं.

हा प्रश्न चुकतो तो बेरीज-गुणाकारात नाही. त्यातलं गणित नववी-दहावीचं आहे. प्रश्न चुकतो तो चित्र वाचताना, कारण इथे आकडा जितका महत्त्वाचा तितकीच त्याची जागाही महत्त्वाची असते. वॉटमीटरवर २५६ वॉट लिहिले आहेत, पण हा मीटर कोणत्या बाजूला जोडला आहे? त्या वेळी दुसरी बाजू मोकळी होती की जाड तारेने जोडून टाकलेली होती? शेजारच्या अँपमीटरवर किती प्रवाह दिसतोय? या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय २५६ या आकड्याला काहीच अर्थ नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये वीज वाया जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्या दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. चित्रातला कोणता आकडा कोणत्या तोट्याचा, हे ओळखता येतं का, एवढीच या प्रश्नाची खरी परीक्षा असते. एकच उदाहरण घेऊन ते नीट पाहू.

आकृतीत काय दिलं आहे

समजा, आकृतीच्या वर लिहिलं आहे: सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर, २५ केव्हीए, २५००/२५० व्होल्ट, ५० हर्ट्झ. खाली दोन चित्रं आहेत.

पहिल्या चित्रात मीटर २५० व्होल्टच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूला जोडले आहेत आणि २५०० व्होल्टच्या बाजूची दोन्ही टोकं मोकळी सोडली आहेत. व्होल्टमीटर २५० व्होल्ट दाखवतो, अँपमीटर २ अँपिअर आणि वॉटमीटर १२५ वॉट. ही ओपन सर्किट टेस्ट.

दुसऱ्या चित्रात मीटर २५०० व्होल्टच्या बाजूला आले आहेत आणि २५० व्होल्टच्या बाजूची टोकं एकमेकांना जोडून शॉर्ट केली आहेत. व्होल्टमीटर ९० व्होल्ट दाखवतो, अँपमीटर ८ अँपिअर आणि वॉटमीटर २५६ वॉट. ही शॉर्ट सर्किट टेस्ट.

विचारलं आहे ते असं: पूर्ण भाराला आणि अर्ध्या भाराला ०.८ पॉवर फॅक्टरवर कार्यक्षमता किती, आणि सर्वांत जास्त कार्यक्षमता किती भाराला मिळेल?

आकडेमोडीला हात घालण्याआधी एक छोटं काम उरकून घ्यावं. ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह दोन्ही बाजूंना किती, तो काढून आकृतीशेजारी लिहून ठेवावा. २५ केव्हीए म्हणजे २५,००० व्होल्ट-अँपिअर. त्याला २५०० ने भागलं की जास्त व्होल्टेजच्या बाजूचा प्रवाह १० अँपिअर येतो. २५० ने भागलं की कमी व्होल्टेजच्या बाजूचा प्रवाह १०० अँपिअर येतो. वेढ्यांचं गुणोत्तर, म्हणजेच टर्न्स रेशो, १० आहे. व्होल्टेज ज्या बाजूला दहापट, त्याच बाजूला प्रवाह एकदशांश. हे दोन प्रवाह डोळ्यांसमोर असले की पुढचे निम्मे घोटाळे टळतात, कारण चित्रातला कोणताही प्रवाह पूर्ण भाराचा आहे की नाही हे लगेच दिसतं. शॉर्ट सर्किट टेस्टचे ८ अँपिअर हे १० नाहीत, हे इथेच लक्षात यायला हवं.

दोन तोटे, दोन स्वभाव

ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होतो. दर वेळी लोखंडाचं चुंबकत्व उलटवायला थोडी ऊर्जा जाते आणि ती उष्णता होऊन बसते. शिवाय बदलत्या चुंबकीय प्रवाहामुळे खुद्द लोखंडातही भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि तेही उष्णताच निर्माण करतात. हे भोवरे आवरण्यासाठी गाभा सलग लोखंडाचा न करता सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या पातळ पत्र्यांचा रचतात. या पत्र्यांची जाडी साधारण पाव मिलिमीटरच्या आसपास असते आणि प्रत्येक पत्र्यावर विद्युतरोधक थर दिलेला असतो. गाभ्यातल्या या एकूण तोट्याला आयर्न लॉस किंवा कोअर लॉस म्हणतात.

आयर्न लॉस गाभ्यातल्या चुंबकीय प्रवाहावर ठरतो आणि तो चुंबकीय प्रवाह ठरतो व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीवर. या दोन्ही गोष्टी ग्रिडने ठरवून दिलेल्या असतात. पलीकडे कुणी मोटर लावली की नाही, गिरणी चालू आहे की बंद, याच्याशी आयर्न लॉसचं देणंघेणं नाही. गिऱ्हाईक येवो न येवो, गाळ्याचं भाडं जसं महिन्याच्या महिन्याला भरावंच लागतं, तसा हा तोटा आहे. रात्री अडीच वाजता गावच्या डीपीजवळ उभं राहिलं तरी तिची घूं-घूं ऐकू येते. भार नसला तरी गाभ्यातलं चुंबकत्वाचं काम चालूच असल्याची ती खूण आहे.

दुसरा तोटा तांब्यातला, म्हणजे कॉपर लॉस. वाइंडिंग ॲल्युमिनियमची असली तरी नाव तेच. तारेला रोध असतो, त्यातून प्रवाह गेला की तार तापते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की तोटा चौपट, प्रवाह निम्मा झाला की तोटा पाव. भार शून्य असेल तर कॉपर लॉसही जवळजवळ शून्य.

एक तोटा भारामुळे बदलत नाही, दुसरा भाराच्या वर्गाने बदलतो. पुढचं सगळं या एका वाक्यातून निघतं.

मोकळं टोक आणि जोडलेलं टोक

आता दोन्ही चाचण्यांकडे परत जाऊ. ओपन सर्किट टेस्टमध्ये पलीकडची बाजू मोकळी आहे, म्हणून भाराचा प्रवाह नाही. अँपमीटरवरचे २ अँपिअर म्हणजे फक्त गाभ्यात चुंबकत्व उभं करायला लागणारा प्रवाह आणि तो पूर्ण भाराच्या १०० अँपिअरच्या दोन टक्केच आहे. व्होल्टेज मात्र पूर्ण २५० व्होल्ट दिलं आहे, म्हणजे गाभा रोज जसा काम करतो तसाच करतोय. म्हणून वॉटमीटरचे १२५ वॉट हा आयर्न लॉस.

शॉर्ट सर्किट टेस्टमध्ये उलटं आहे. पलीकडची टोकं जोडलेली असल्यामुळे अगदी थोड्या व्होल्टेजला भरपूर प्रवाह वाहतो. ९० व्होल्ट म्हणजे २५०० च्या ३.६ टक्के. एवढ्याशा व्होल्टेजला गाभ्यातला चुंबकीय प्रवाह नाममात्र असतो, म्हणून आयर्न लॉस नगण्य. वॉटमीटरचे २५६ वॉट हा कॉपर लॉस, पण ८ अँपिअरचा.

‘नगण्य’ हा शब्द पुस्तकात सहज लिहिला जातो. तो खरा आहे का, हे याच आकड्यांवरून तपासता येतं. आयर्न लॉस ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात धरला, तर ३.६ टक्के व्होल्टेजला तो १२५ वॉटच्या हजारातल्या साधारण १.३ भागाइतका येतो, म्हणजे सुमारे ०.१६ वॉट. २५६ मध्ये तो कुठे शोधायचा? ओपन सर्किट टेस्टमध्ये सोडून दिलेला कॉपर लॉसही दोन्ही वाइंडिंगचा पूर्ण रोध धरून काढला तरी ०.१६ वॉटच्या वर जात नाही. एका चाचणीत एक तोटा जवळपास पूर्णपणे बाजूला काढता येतो आणि दुसऱ्या चाचणीत दुसरा. पूर्ण भार न देता, म्हणजे २५ किलोवॉटची वीज न जाळता, अर्ध्या किलोवॉटच्या आत सगळी माहिती मिळते. या दोन चाचण्या शंभर वर्षांहून जास्त काळ टिकून आहेत त्या यामुळेच.

मीटर एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला का, याचंही कारण सरळ आहे. ओपन सर्किटला पूर्ण व्होल्टेज द्यावं लागतं आणि प्रयोगशाळेत २५०० व्होल्टपेक्षा २५० व्होल्ट हाताळणं कितीतरी सोपं आणि सुरक्षित. शॉर्ट सर्किटला पूर्ण प्रवाह द्यावा लागतो आणि १०० अँपिअरपेक्षा १० अँपिअरचा मीटर सहज मिळतो. प्रयोगशाळेत हे करताना डिमरस्टॅटची मूठ आधी शून्यावर आणायची असते आणि मगच सप्लाय चालू करायचा असतो. मग मूठ अगदी सावकाश फिरवत अँपमीटरकडे डोळा ठेवायचा. मूठ जराशी पुढे सरकली की काटा उडी मारतो, कारण या ट्रान्सफॉर्मरमध्ये ११२.५ व्होल्टलाच पूर्ण १० अँपिअर वाहू लागतात. मूठ आधीच वर राहिली असेल आणि सप्लाय दिला, तर फ्यूज जातो किंवा मीटर जळतो. चित्रातले ९० व्होल्ट असे आलेले असतात, हे ज्याने एकदा पाहिलं आहे त्याला तो आकडा २५०० च्या जागी वापरण्याची चूक सहसा होत नाही.

सापळा: आठ अँपिअर

आता प्रश्नाचा कळीचा भाग. २५६ वॉट ८ अँपिअरला मोजले आहेत, आपल्याला १० अँपिअरचा कॉपर लॉस हवा आहे. प्रवाह सव्वापट, म्हणून तोटा सव्वाच्या वर्गाने, म्हणजे १.५६२५ पट. २५६ ला तेवढ्याने गुणलं की ४०० वॉट येतात. दुसऱ्या वाटेनेही हेच मिळतं. २५६ ला ८ च्या वर्गाने, ६४ ने भागलं की रोध ४ ओहम. त्याला १० च्या वर्गाने गुणलं की ४०० वॉट.

हा रोध जास्त व्होल्टेजच्या बाजूने पाहिलेला आहे. तोच कमी व्होल्टेजच्या बाजूने पाहायचा तर टर्न्स रेशोच्या वर्गाने, म्हणजे १०० ने भागायचा. ०.०४ ओहम येतो. बरोबर आहे का? १०० अँपिअरचा वर्ग १०,०००, गुणिले ०.०४, पुन्हा ४०० वॉट. तोटा दोन्ही बाजूंनी सारखाच यायला हवा, कारण ट्रान्सफॉर्मर एकच आहे. घाईत कुणी १०० ऐवजी १० ने भागलं, तर रोध ०.४ ओहम होतो आणि तोटा ४००० वॉट. २५ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सोळा टक्के फक्त तारा तापवण्यात गेले, असं उत्तर आलं की तिथेच थांबून मागे जायला हवं.

आता सगळे आकडे हाताशी आहेत. कार्यक्षमता म्हणजे बाहेर मिळालेली शक्ती भागिले बाहेर मिळालेली शक्ती अधिक दोन्ही तोटे. पूर्ण भाराला ०.८ पॉवर फॅक्टरवर २५ केव्हीएमधून २०,००० वॉट मिळतात. तोटे १२५ अधिक ४००, म्हणजे ५२५. तेव्हा २०,००० भागिले २०,५२५, म्हणजे ९७.४४ टक्के.

अर्ध्या भाराला १०,००० वॉट मिळतात. आयर्न लॉस तोच, १२५. कॉपर लॉस पाव, म्हणजे १००. एकूण २२५. कार्यक्षमता १०,००० भागिले १०,२२५, म्हणजे ९७.८० टक्के.

अर्ध्या भाराची कार्यक्षमता पूर्ण भारापेक्षा जास्त आली, हे पाहून बरेच विद्यार्थी आपलंच चुकलं असं समजतात आणि बरोबर उत्तर खोडतात. पण चूक नाही. हे असंच का, ते पुढे पाहू.

आधी चुकीची उत्तरं कशी दिसतात ते पाहणं उपयोगाचं आहे, कारण पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात बहुधा तीच छापलेली असतात. कुणी २५६ वॉटच पूर्ण भाराचा कॉपर लॉस धरला, तर तोटे ३८१ होतात आणि उत्तर ९८.१३ टक्के येतं. कुणी अर्ध्या भाराला कॉपर लॉसही निम्मा, म्हणजे २०० धरला, तर उत्तर ९६.८५ येतं. दोन्ही आकडे दिसायला अगदी रास्त आहेत. ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता नेहमीच नव्वदीच्या वरच्या टप्प्यात असते, त्यामुळे ९७ आणि ९८ मधला फरक क्षुल्लक वाटतो. म्हणून उत्तर तपासायचं ते कार्यक्षमतेवरून नाही, तोट्याच्या आकड्यावरून. ५२५ आणि ३८१ मधला फरक लगेच डोळ्यांत भरतो. ‘गेट’मधल्या ज्या प्रश्नांना पर्याय नसतात आणि आकडा स्वतः टाइप करायचा असतो, त्यांत तर दोन दशांश स्थळांपर्यंतचं उत्तर बहुतेक वेळा मागतात. तिथे ९७.४४ च्या जागी ९८.१३ लिहून भागत नाही.

रेषा आणि वक्र जिथे भेटतात

कधीकधी आकृतीत मीटर नसतात, आलेख असतो. आडव्या अक्षावर भार, उभ्या अक्षावर तोटा. त्यात एक सरळ आडवी रेषा असते आणि एक वक्र रेषा शून्यापासून निघून वर चढत जाते. आडवी रेषा आयर्न लॉसची, कारण तो भारामुळे बदलत नाही. वर चढणारी कॉपर लॉसची. आपल्या ट्रान्सफॉर्मरचा आलेख काढला तर आडवी रेषा १२५ वर असेल आणि वक्र पूर्ण भाराला ४०० वर पोहोचेल. वाटेत तो आडव्या रेषेला एका ठिकाणी छेदेल. त्या बिंदूच्या बरोबर खालचा भार म्हणजे सर्वांत जास्त कार्यक्षमतेचा भार.

हे का, ते समजून घेणं अवघड नाही. भार फार कमी असला की मिळणारी वीज थोडी, पण १२५ वॉटचा ठोक खर्च तेवढाच. म्हणून प्रत्येक युनिटमागे आयर्न लॉसचा वाटा मोठा. भार वाढला की हा ठोक खर्च जास्त युनिटांवर वाटला जातो आणि त्याचा वाटा घटतो. पण कॉपर लॉस भाराच्या वर्गाने वाढतो, म्हणून प्रत्येक युनिटमागचा त्याचा वाटा भाराबरोबर वाढत जातो. एक वाटा उतरतोय, दुसरा चढतोय. दोन्ही जिथे सारखे होतात तिथे बेरीज सर्वांत कमी असते.

आपल्या उदाहरणात कॉपर लॉस १२५ वॉट व्हायला भार किती लागेल? १२५ भागिले ४०० म्हणजे ०.३१२५, त्याचं वर्गमूळ ०.५५९. पूर्ण भाराच्या सुमारे ५६ टक्के, म्हणजे जवळपास १४ केव्हीए. त्या भाराला दोन्ही तोटे मिळून २५० वॉट आणि ०.८ पॉवर फॅक्टरवर कार्यक्षमता ९७.८१ टक्के. आता कळतं की अर्ध्या भाराची ९७.८० ही कार्यक्षमता पूर्ण भारापेक्षा जास्त का होती. अर्धा भार शिखराच्या अगदी शेजारी आहे, पूर्ण भार उतारावर आहे.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. शिखर कोणत्या भाराला येणार हे पॉवर फॅक्टरवर अवलंबून नाही. फक्त शिखराची उंची बदलते. आणि हे शिखर टोकदार नसून पसरट असतं, म्हणून आलेखावरून नुसत्या नजरेने ते अचूक सांगता येत नाही. ५० टक्के आणि ५६ टक्के भारामध्ये कार्यक्षमतेचा फरक फक्त एक शतांश टक्क्याचा आहे. म्हणून शिखर शोधायचं ते तोट्याच्या आलेखावरच्या छेदबिंदूवरून, कार्यक्षमतेच्या वक्रावरून नाही.

खांबावरच्या डीपीचा टर्न्स रेशो

आतापर्यंतचा ट्रान्सफॉर्मर सिंगल फेज होता, तिथे व्होल्टेजचं गुणोत्तर हेच वेढ्यांचं गुणोत्तर. आकृतीत गावाकडची नेहमीची डीपी आली की हे बदलतं. तिच्या पाटीवर ११,०००/४३३ व्होल्ट असं लिहिलेलं असतं आणि चित्रात एका बाजूला डेल्टाचा त्रिकोण, दुसऱ्या बाजूला स्टार. घाईत ११,००० ला ४३३ ने भागून २५.४ असा टर्न्स रेशो लिहिला जातो आणि तो चूक असतो.

पाटीवरची दोन्ही व्होल्टेज लाइनची, म्हणजे दोन तारांमधली असतात. वेढे मात्र वाइंडिंगला असतात आणि वाइंडिंगवर किती व्होल्टेज येतं ते जोडणीवर ठरतं. डेल्टामध्ये वाइंडिंग दोन लाइनच्या मध्येच असते, म्हणून तिच्यावर पूर्ण ११,००० व्होल्ट. स्टारमध्ये वाइंडिंग लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये असते, म्हणून ४३३ भागिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे २५० व्होल्ट. वेढ्यांचं खरं गुणोत्तर ११,००० भागिले २५०, म्हणजे ४४.

हे प्रवाहावरून पडताळता येतं. समजा, डीपी १०० केव्हीएची आहे. कमी व्होल्टेजच्या बाजूला लाइनमधून १३३.३ अँपिअर वाहतात आणि स्टार असल्यामुळे वाइंडिंगमधूनही तेवढेच. जास्त व्होल्टेजच्या बाजूला लाइनमध्ये ५.२५ अँपिअर, पण डेल्टाच्या वाइंडिंगमध्ये ३.०३ अँपिअर. १३३.३ ला ३.०३ ने भागा, ४४ येतात. डेल्टा आणि स्टारची ती दोन छोटी चिन्हं चित्राच्या कोपऱ्यात असतात आणि सगळ्यांत आधी नजरेतून सुटतात. एका बाजूचा रोध दुसऱ्या बाजूला नेताना हाच चुकीचा रेशो वापरला, तर चूक वर्गाने वाढते आणि उत्तर तिपटीने फिरतं.

दिवसभराचा हिशेब

कार्यक्षमतेच्या प्रश्नाचं आणखी एक रूप आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत शिकवून जाणारं. त्यात चोवीस तासांचा भाराचा आलेख देतात आणि ‘ऑल डे एफिशियन्सी’ विचारतात. आपलाच २५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घेऊ. आलेखात दिसतं की तो ६ तास पूर्ण भारावर, ८ तास अर्ध्या भारावर आणि १० तास भाराविना असतो. पॉवर फॅक्टर ०.८.

६ तास २० किलोवॉट म्हणजे १२० युनिट. ८ तास १० किलोवॉट म्हणजे ८० युनिट. एकूण २०० युनिट लोकांपर्यंत पोहोचले. कॉपर लॉस पूर्ण भाराच्या सहा तासांत २.४ युनिट आणि अर्ध्या भाराच्या आठ तासांत ०.८ युनिट, मिळून ३.२ युनिट. आयर्न लॉस मात्र चोवीस तासांचा धरायचा: ०.१२५ किलोवॉट गुणिले २४, म्हणजे ३ युनिट. इथे बरेच जण भाराच्या चौदा तासांचाच आयर्न लॉस धरतात, कारण आलेखात उरलेल्या दहा तासांची पट्टी शून्यावर असते. पण ती पट्टी भाराची आहे, व्होल्टेजची नाही. एकूण तोटा ६.२ युनिट, दिवसभराची कार्यक्षमता २०० भागिले २०६.२, म्हणजे ९६.९९ टक्के.

पूर्ण भाराला कॉपर लॉस आयर्न लॉसच्या तिप्पट होता, ४०० आणि १२५. दिवसाच्या हिशेबात मात्र दोघं बरोबरीला आले, ३.२ आणि ३. लहान दिसणारा तोटा रात्रंदिवस चालू राहून मोठ्या तोट्याला गाठतो.

याचा परिणाम किती, ते दुसरा ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवून पाहू. त्याचा आयर्न लॉस २२५ वॉट आणि कॉपर लॉस ३०० वॉट. बेरीज तीच, ५२५. म्हणजे पूर्ण भाराची कार्यक्षमताही तीच, ९७.४४ टक्के. पाटीवर फक्त हा आकडा असेल तर दोघांत निवड करायला काही कारणच उरत नाही. पण त्याच भाराच्या आलेखावर दुसऱ्याचा आयर्न लॉस दिवसाला ५.४ युनिट होतो आणि कॉपर लॉस २.४ युनिट. एकूण ७.८. पहिल्यापेक्षा रोज १.६ युनिट जास्त, वर्षाला ५८४ युनिट, आणि तेही एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमागे.

म्हणूनच वितरण ट्रान्सफॉर्मरसाठीचं भारतीय मानक, आयएस ११८० भाग १, २०१४ ची आवृत्ती, पूर्ण भाराच्या तोट्यावर थांबत नाही. ते ५० टक्के आणि १०० टक्के अशा दोन भारांवरच्या एकूण तोट्याची कमाल मर्यादा घालून देतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारेही याच दोन आकड्यांवर ठरतात. परीक्षेत पाटीचं चित्र देऊन हे दोन प्रत्यक्ष तोटे सांगितले, तर वेगळे मीटर लागतच नाहीत. आपल्या पहिल्या ट्रान्सफॉर्मरचे ते आकडे २२५ आणि ५२५ झाले असते. वजाबाकी ३००. आयर्न लॉस दोन्हींत सारखा असल्यामुळे वजाबाकीत तो उडतो आणि उरतो तो पूर्ण कॉपर लॉसचा तीनचतुर्थांश भाग. म्हणजे कॉपर लॉस ४००, आयर्न लॉस १२५. दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचे आकडे ३०० आणि ५२५ आले असते आणि तो महागात पडणार हे पहिल्याच नजरेत कळलं असतं.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. शॉर्ट सर्किट टेस्ट काही मिनिटांची असते, वाइंडिंग तोवर थंडच असते. चालू ट्रान्सफॉर्मर तापतो, तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि कॉपर लॉसही वाढतो. म्हणून कारखान्यातल्या चाचणीत मोजलेला तोटा ७५ अंश सेल्सिअसच्या हिशेबाने वाढवून लिहितात. ३० अंशाला मोजलेला ४०० वॉटचा तोटा या हिशेबाने सुमारे ४६८ वॉट होतो. परीक्षेतल्या प्रश्नात तापमान दिलेलं नसेल तर ही दुरुस्ती करायची नसते. दिलेलं असेल, तर चित्राच्या कोपऱ्यातलं ते छोटंसं ‘३० अंश’ शोभेसाठी नसतं.